रिकामा रकाना

कोडिंगच्या स्पर्धेत दुसऱ्यांदा ‘राँग आन्सर’ आलं तेव्हा बसूनं खुर्चीच मागं ढकलली.

“अय्यो, आता काय राहिलंय ह्यात?”

इम्राननं तेवढ्यात कीबोर्ड ओढून घेतला. तिघांत एकच कॉम्प्युटर, म्हणजे ज्याचा कोड तयार तो बसणार. “प्रिंट काढ आणि बाजूला जाऊन बघा,” तो म्हणाला. तो निपाणीचा, बाजारातल्यासारखं बोलतो, पण टायपिंग सुसाट.

बेळगावातल्या त्या कॉलेजच्या लॅबमध्ये बाहेरच्या पावसानं पंख्यालाही गारठा आला होता. पुढच्या दोन टेबलांवर हाच प्रॉब्लेम सुटल्याचा पिवळा फुगा कधीच डोलत होता. प्रॉब्लेम सोपा, तेच जास्त लागत होतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा रोजचा नफा-तोटा दिलाय. सलग काही दिवस, निदान एक तरी, असे निवडा की बेरीज जास्तीत जास्त येईल. असे बरेच टेस्ट केस एकाच फाइलमध्ये. बसूनं पाच मिनिटांत लिहिलं, सँपल बरोबर आलं, पाठवलं, चुकलं. मग बेरीज `int` मध्ये मावत नसेल म्हणून सगळीकडं `long long` केलं. पुन्हा चुकलं. आता प्रॉब्लेम सुटला तर वेळेत दंडाची चाळीस मिनिटं धरणार होते. न सुटला तर काहीच नाही. हा हिशेब म्हणजे एक चेष्टाच.

सुषमानं प्रिंट मांडीवर घेतली. खानापूरची गाडी पकडायची म्हणून दप्तर आधीच भरलेलं. त्यातून तिनं पेन काढलं.

```
long long best, cur = 0;
for (int i = 0; i < n; i++) {
    cur = max(cur + a[i], a[i]);
    best = max(best, cur);
}
```

“काय करालायस गे? वाचून वाचून पाठ झालंय मला ते,” बसू म्हणाला.

“म्हणूनच तू नको वाचू. मी हातानं चालवून बघालेय.”

कागदाच्या मागं तिनं चार रकाने आखले: `i`, `a[i]`, `cur`, `best`. सँपलमधला पहिला केस घेतला. लूप सुरू व्हायच्या आधीची ओळ लिहायची म्हणून `cur` खाली शून्य टाकलं आणि पेन `best` च्या रकान्यावर थांबलं. इथं काय लिहू? तिनं पुन्हा वर बघितलं. `best, cur = 0`. डोळा त्या ओळीवरून जाताना दोघांनाही शून्य वाटून टाकत होता. स्वल्पविरामानंतरचं शून्य एकट्या `cur` चं होतं.

“बसू, `best` ची सुरुवात कशानं होते?”

“शून्यानं.”

“कुठं लिहिलंय दाखव.”

त्यानं बोट ठेवलं, उचललं. “हौद रे देवा…”

“पण मग सँपल कसं पास झालं?” मान न वळवता इम्राननं विचारलं.

हे मात्र सुषमालाही खटकत होतं. तिनं सँपलची उत्तरं बघितली: ४, ९, १५. चढती. पहिल्या वेळी मेमरीत `best` च्या जागेत नशिबानं शून्य असेल. दुसऱ्या वेळी तीच जागा, तिच्यात मागचे ४ शिल्लक, पण ९ मोठे म्हणून झाकलं गेलं. मग १५. सेटरनं लहानापासून मोठ्याकडं केस मांडले होते, एवढंच.

“इम्रान, एक मिनिट दे की.”

“अर्धं.”

तिनं सँपलचे तीन केस उलट्या क्रमानं घातले. स्क्रीनवर १५, १५, १५ आलं. बसू हसायलाच लागला, इतकं मोठ्यानं की पलीकडच्या टीमनं मान वळवली.

“`-Wall` लावून कंपाइल केलं असतं तर कंपायलरच बहुतेक बोंबलला असता,” इम्रान म्हणाला. आता सांगतोय.

“चला, `best = 0` करून सोड,” बसू म्हणाला.

सुषमाची बोटं `0` वर गेलीसुद्धा. “नाही रे. सगळेच दिवस तोट्याचे असले तर? उणे तीन, उणे आठ. उत्तर उणे तीन यायला पाहिजे, आपण शून्य सांगणार. एक दिवस तरी घ्यायलाच पाहिजे, असं म्हटलंय.”

“मग?”

```
long long best = a[0], cur = 0;
```

“पहिला दिवस हाच तूर्त मोठा. पुढचे हरवतील त्याला.”

उलटं सँपल टाकलं: १५, ९, ४. उणे तीन, उणे आठ टाकलं: उणे तीन. पाठवलं. ओळ हिरवी झाली.

फुगा घेऊन येणारा पोरगा अजून दारातच होता, तेवढ्यात इम्राननं कोपरानं तिला बाजूला सारलं.

“सरक आता. बारा मिनिटं राहिलीत, माझा ग्राफ अर्धा झालाय. आणि बसू, ह्यात माझे सगळे व्हेरिएबल तू वाच. एकेक.”

“मी?”

“तूच. आता तुला कळतंय कुठं बघायचं ते.”