दुकानाचं भाडं काही महिन्यांसाठी कमी करण्याबाबत

अमळनेर
2 जून 2025

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर हे बोलायला जीभ रेटत नव्हती, म्हणून लिहितोय.

मार्चपासून दुकानासमोर गटारीचं खोदकाम चालू आहे. चारीवर दोन फळ्या टाकल्यात, त्यावरून लेकराचा हात धरून बाई दुकानात चढते तेव्हा माझाच जीव खालीवर होतो. बऱ्याच जणी पलीकडूनच परत फिरतात. आमचा बांगड्या-कटलरीचा धंदा आखाजीवर तगतो. लेकीबाळी माहेरी येतात, त्या चार दिवसांत वर्षाची उलाढाल ठरते. यंदा 30 एप्रिलला आखाजी झाली आणि भरलेला माल तसाच खोक्यात राहिला. विक्री निम्म्यावर आली आहे, वही केव्हाही बघा.

सध्या भाडं 9,000 रुपये आहे. जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने ते 7,000 करावं, ही विनंती. नोव्हेंबरपासून पुन्हा पूर्ण 9,000 देईन. चारही महिन्यांचे 28,000 एकदम आगाऊ देतो, आणि गळणारा पत्रा माझ्या खर्चाने बदलून घेतो, म्हणजे पावसाळ्यात तुम्हाला त्याची काळजी नको.

सहा वर्षांत भाडं कधी पाच तारखेपुढे गेलं नाही, तुम्हीही मला कधी परकं मानलं नाही. तुमचंही घर या भाड्यावर चालतं, काकूंच्या औषधाचा खर्च मला माहीत आहे. 7,000 जमत नसतील तर जमेल तो आकडा सांगा.

रविवारी सकाळी घरी येऊ का?

आपला,
सुनील