फिशिंग-तक्रार प्लेबुक: मुख्य कार्यालय रत्नागिरी; शाखा गुहागर, मालवण, देवगड

कर्मचाऱ्याने 'संशयित मेल' बटण दाबलं की तिकीट उघडेल आणि त्याला लगेच पोच जाईल. पोच गेली नाही तर पुढच्या वेळी कोणी कळवत नाही, म्हणून ही पायरी कधीही बंद करू नये.

आपोआप: मेल खरंच त्या डोमेनवरून आला का हे पाहणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कची तपासणी, लिंक व अटॅचमेंट सँडबॉक्समध्ये म्हणजे वेगळ्या, सुरक्षित जागी उघडून पाहणं, तोच मेल आणखी कोणाला आला, लिंक कोणी उघडली याचा शोध. यातून कुणाचं काम अडत नाही. अटॅचमेंटची हॅश, म्हणजे फाइलची डिजिटल ओळख, घातक यादीत असेल तर मेल क्वारंटाइन करावा, कारण तो परत आणता येतो. कायमचा पुसणं माणसाच्याच हाती.

कर्मचाऱ्याने लिंकवर पासवर्ड टाकला असेल तर त्याची चालू सेशन मंजुरीविना तोडावीत. हल्लेखोर मंजुरीसाठी थांबत नाही.

मंजुरी हवीच: प्रेषकाचं पूर्ण डोमेन ब्लॉक करताना. आंबा हंगामात वाशीच्या एखाद्या व्यापाऱ्याचं मेल खातं हॅक होतं. डोमेन बंद केलं तर बागायतदारांच्या खऱ्या पावत्याही अडकतात. आधी तो एकच पत्ता रोखावा. आरटीजीएस टेबलावरच्या कर्मचाऱ्याचं लॉगिन खातं गोठवायलाही ड्युटीवरच्या विश्लेषकाची मंजुरी लागेल. १५ मिनिटांत उत्तर नसेल तर शाखाधिकाऱ्यांना फोन. पावसाळ्यात नेट जातं, तेव्हा तोंडी मंजुरी चालेल. नाव व वेळ तिकिटात नोंदवावी.

पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचं असतं; त्याचं घड्याळ व अहवालाचा मसुदा आपोआप. पाठवणार सुरक्षा अधिकारी, वाचून.