पोर्टलसाठी अनुक्रमणिका: आगीपासून बचाव आणि प्रथमोपचार

नमस्कार,

आगीपासून बचाव आणि प्रथमोपचार या प्रशिक्षणाच्या १३८ स्लाइडमधून काढलेली अनुक्रमणिका खाली देत आहे. पोर्टलवर चढवण्याआधी पुढच्या दोन गोष्टी वाचून घ्या.

पहिली गोष्ट शीर्षकांची. मूळ सादरीकरणातली शीर्षके वर्गात बसलेल्यांसाठी होती. ‘घटक ३: तत्त्वे व वर्गीकरण’ हे समोर शिक्षक असताना चालून जाते, पोर्टलवर ‘तेलाची आग’ शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. म्हणून जिथे गरज पडली तिथे शीर्षक बदलले आणि मूळ शीर्षक नोंदीतच ठेवले, म्हणजे शोध दोन्हींवर लागेल. काही स्लाइडवर शीर्षकाच्या जागी नुसते ‘पुढे चालू’ आहे, त्या आधीच्या विभागात धरल्या आहेत.

दुसरी वेळेची. निवेदकाच्या टिपांमध्ये जिथे मिनिटे लिहिली आहेत तिथे तीच घेतली. व्हिडिओंची लांबी फाइलमधून पाहिली. बाकीच्या टिपा घड्याळ लावून मोठ्याने वाचल्या आणि विभागाची बेरीज पाच मिनिटांच्या पटीत आणली. स्लाइडच्या संख्येवरून वेळ काढता आली नसती: ५९ ते ६६ या आठ नकाशांच्या स्लाइड चार मिनिटांत संपतात, तर ८८ ते ९० या तीनच स्लाइडना बारा मिनिटे लागतात. त्यामुळे पोर्टलवर प्रत्येक वेळेआधी ‘सुमारे’ हा शब्द ठेवाच.

भाग एक: आग

१. हे प्रशिक्षण कशासाठी (स्लाइड १–९, सुमारे ५ मिनिटे)
मूळ शीर्षक: प्रस्तावना व उद्दिष्टे.

२. आग लागते कशी आणि विझते कशी (स्लाइड १०–२४, सुमारे १५ मिनिटे)
मूळ शीर्षक: अग्नित्रिकोण. इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन यांतले एक काढून घेतले की आग विझते, हे तीन छोट्या व्हिडिओंतून दाखवले आहे. पुढचे दोन्ही विभाग यावर उभे असल्याने हा आधी पाहायला सांगा.

३. कोणती आग कशाने विझवायची (स्लाइड २५–४३, सुमारे २५ मिनिटे)
मूळ शीर्षक: घटक ३: तत्त्वे व वर्गीकरण. या विभागाला पोटनोंदी हव्यातच, कारण माणूस इथे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत येणार:
– लाकूड, कागद, कापड: स्लाइड २८, ४ मिनिटे
– पेट्रोल, रंग, द्रावके: स्लाइड ३१, ५ मिनिटे
– कढईतले पेटलेले तेल: स्लाइड ३४, ६ मिनिटे. पाणी तेलाखाली जाते, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि पेटते तेल बाहेर उडवते. हा व्हिडिओ थेट उघडेल असा दुवा द्या.
– विजेची उपकरणे: स्लाइड ३६, ५ मिनिटे

४. अग्निशामक हातात घेऊन वापरणे (स्लाइड ४४–५८, सुमारे ३५ मिनिटे, त्यांपैकी २० मिनिटे प्रत्यक्ष सराव)
पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखा, मूठ दाबा, एका कडेकडून दुसरीकडे फिरवा. स्लाइड ५२ वर कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचा कर्णा उघड्या हाताने धरू नये, थंडीने कातडी भाजते, अशी सूचना आहे. तिची वेगळी पोटनोंद करा.

५. बाहेर पडणे: घंटा, मार्ग, जमण्याची जागा (स्लाइड ५९–७४, सुमारे २० मिनिटे)
लिफ्ट नको, धुरात वाकून चला, मागे वळून सामान आणायला जाऊ नका.

स्लाइड ७५ मध्यंतराची आहे, ती अनुक्रमणिकेत नाही.

भाग दोन: प्रथमोपचार

६. पहिल्या मिनिटात काय करायचे (स्लाइड ७६–८६, सुमारे १५ मिनिटे)
मूळ शीर्षक: प्राथमिक मूल्यांकन. आधी स्वतःची सुरक्षितता, मग जखमीला हाक, मग मदतीला फोन.

७. सीपीआर आणि एईडी (स्लाइड ८७–१०८, सुमारे ४५ मिनिटे, त्यांपैकी २५ मिनिटे पुतळ्यावर सराव)
अख्ख्या सादरीकरणातला हा सर्वांत मोलाचा विभाग. तो सलग एकच व्हिडिओ म्हणून चढवला तर कोणी शेवटपर्यंत पाहणार नाही. चार पोटनोंदी करा: श्वास तपासणे (स्लाइड ८८), छाती दाबणे (९३), श्वास देणे (९९), हृदयाला विजेचा धक्का देणारे एईडी यंत्र लावणे (१०२). मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ३० वेळा दाबून मग दोन श्वास: ही ओळ विभागाच्या वर्णनात जशीच्या तशी दिसू द्या.

८. भाजणे (स्लाइड १०९–१२१, सुमारे १५ मिनिटे)
वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे. बर्फ आणि टूथपेस्ट का नको, याचे उत्तर स्लाइड ११५ वर आहे.

९. रक्तस्राव आणि घशात अडकणे (स्लाइड १२२–१३०, सुमारे २० मिनिटे)
हे दोन विषय मूळ सादरीकरणात एकाच शीर्षकाखाली कोंबले होते. पोर्टलवर दोन नोंदी करा, प्रत्येकी सुमारे १० मिनिटे. घशात अडकणे स्लाइड १२७ पासून सुरू होते.

१०. प्रश्नमंजुषा (स्लाइड १३१–१३८, सुमारे १० मिनिटे)

एकूण वेळ सुमारे ३ तास २५ मिनिटे. दोन्ही सराव वगळून फक्त पाहण्याचा वेळ सुमारे २ तास ४० मिनिटे. पोर्टलच्या पहिल्या पानावर दोन्ही आकडे द्या. एकटाच मोठा आकडा दिसला तर लोक आधीच माघार घेतील; एकटाच लहान दिला तर नुसते पाहून सीपीआर येते असा समज होईल, आणि तो घातक आहे.

दुरुस्त करायच्या दोन विसंगती

स्लाइड २७ वर ‘सी वर्ग’ म्हणजे वायूची आग आहे आणि स्लाइड ४१ वर तोच ‘सी वर्ग’ विजेची आग आहे. युरोपीय आणि अमेरिकी वर्गीकरणांत हे अक्षर वेगवेगळ्या आगींसाठी वापरतात, आणि स्लाइड ४१ दुसऱ्या पद्धतीतून आलेली दिसते. म्हणून वरच्या पोटनोंदींत मी अक्षर न वापरता जळणाऱ्या वस्तूचे नाव दिले आहे. स्लाइड बदलेपर्यंत शोधशब्दांतही ‘सी वर्ग’ घालू नका.

स्लाइड ९३ वर छाती दाबण्याची गती १०० ते १२० आहे, पण सरावाच्या स्लाइड १०४ वर ‘किमान १००’ एवढेच लिहिले आहे. २०१० च्या मार्गदर्शनात तसेच होते. २०१५ पासून वरची मर्यादा १२० ठरली, कारण फार भरभर दाबले की खोली कमी पडते. सराव करणारा १०४ चीच स्लाइड समोर ठेवून दाबणार, त्यामुळे ही दुरुस्ती झाल्याशिवाय विभाग ७ प्रकाशित करू नका. बाकीचे नऊ विभाग आज चढवायला हरकत नाही. सादरीकरणाची नवी आवृत्ती आली की मला कळवा. स्लाइडचे क्रमांक सरकतील, म्हणून दुवे क्रमांकावर न बांधता विभागाच्या नावावर बांधा.