ओणम, गौरी आणि मधला पडदा

ओंकार: प्रोफाइलवर कण्णूर लिहिलंयस आणि मराठी इतकं सरळ कसं काय?

अंजू: कॉलेज पुण्यात, आता अडीच वर्षं रत्नागिरीत बँकेत. आज्जी लोकांच्या स्लिपा भरून देता देता शिकले 😄

ओंकार: बरं एक विचारू, तुम्ही लोक ओणमला... थांब, 'तुम्ही लोक' मागे घेतो. तुमच्या घरी काय काय असतं?

अंजू: बरं झालं मागे घेतलंस. याआधीच्या एकाने पहिल्याच मेसेजला विचारलं, केरळची म्हणजे नर्स ना

ओंकार: मला पुण्यात सगळे विचारायचे आंब्याची बाग किती मोठी. दोन कलमं आहेत, त्यातलं एक वानरांचं

अंजू: 😂😂
अंजू: घरी म्हणशील तर अत्तमपासून तिरुवोणमपर्यंत दहा दिवस अंगणात पूक्कळम, म्हणजे फुलांची रांगोळी, मी नि भाऊ पहाटे शेजाऱ्यांच्या कुंपणावरची फुलं चोरायचो. मग केळीच्या पानावर सद्य, म्हणजे सणाचं जेवण. आणि आमच्या घरी त्यात मासे पण असतात हां, दक्षिण केरळच्या मैत्रिणींना हे अजून पटत नाही

ओंकार: अगं आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो! मटण वडे. रूममेटला सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्पच

अंजू: गणपती घरात असताना??

ओंकार: मध्ये पडदा धरतात, त्याला दिसू नये म्हणून. पण सगळ्यांकडे नाही हां, बाजूच्याच घरात गौरीला पुरणपोळी

अंजू: पडदा 😭 मला हे फार आवडलं

ओंकार: आणि ओणमला जो राजा परत येतो तो आपला बळीच ना? आई दिवाळीत पाडव्याला म्हणते, इडा पिडा टळो बळीचं राज्य येवो

अंजू: तोच, महाबली. आमच्या बाजूला त्याचं सोंग घेऊन ओणपोट्टन येतो दारोदार, मोठा मुकुट, हातात घंटा, एक शब्द बोलत नाही. मी लहानपणी त्याला बोलतं करायला चिमटा काढलेला

ओंकार: मग??

अंजू: तो नाही बोलला. आजी बोलली. खूप

ओंकार: 😂😂 आणि तेय्यम, ते देव अंगात येतो ते? बाहेरच्याने बघायला आलेलं चालतं का, की फक्त गावातल्यांचं असतं?

अंजू: चालतं की, ऑक्टोबरच्या शेवटापासून सुरू होतात, रात्र रात्र. फक्त माझ्या मामासमोर 'डान्स' म्हणू नकोस, त्या वेळी तो माणूस नसतो, देव असतो. लोक त्याच्यासमोर घरातली भांडणं पण सांगतात

ओंकार: म्हणजे आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तसं, फक्त तुमचा देव उलट बोलतो

अंजू: बोलतो ना, कधी ओरडतो पण. ते जाऊदे, तो पडदा बघायला यायचं असेल तर?

ओंकार: आईला विचारतो. तिचा पहिला प्रश्न असेल, वडे थापायला येतात का

अंजू: सांग, खायला येतात