एक तृतीयांश

"आजी, दोन पानांत बसव," इरा फोनवर म्हणाली. "आजोबांचं अक्षर आम्हाला लागत नाही, आणि निहारला तर एवढ्या डायऱ्या वाचायला सात जन्म लागतील."

वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला होता. एक्केचाळीस डायऱ्या दिवाणाखालून बाहेर काढून मी डोंबिवलीच्या या खोलीत मांडल्या. १९७९ ते २०१९. बहुतेक वाण्याने नाहीतर बँकेने फुकट दिलेल्या. रोजच्या दोन-तीन ओळी, त्यांखाली जमाखर्च. डायऱ्यांबरोबर त्यांचं ते लोखंडी वजनही निघालं, दोनशे ग्रॅमचं, षट्कोनी. पंख्याने पानं उडू नयेत म्हणून हे कायम ते डायरीवर ठेवायचे. कुठून आणलं, असं मी एकदा विचारलं होतं. "रद्दीवाल्याकडून," म्हणाले. विषय संपला.

चौतीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. सारांशलेखनाचे नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश. स्वतःच्या शब्दांत. दाखले, अलंकार गाळायचे. मुळात नसलेलं पदरचं काही घालायचं नाही. शेवटी शीर्षक, त्याला एक गुण वेगळा.

पण याचा एक तृतीयांश कसा करायचा?

"दुसरी पाळी. दोन साचे बंद. दूध २.४०. पाऊस."

या माणसाने सारांश आधीच करून ठेवला होता. साचेखात्यातली माणसं घरी मोठ्याने बोलतात. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यावर हळू बोलणं जमतच नाही. आमच्या काळाचौकीच्या चाळीत यांनी चहा मागितला की खालच्या मजल्यावर कळायचं. तोच माणूस वहीत मात्र असा, कानात सांगितल्यासारखा.

पहिली तीन वर्षं मी दुपारभरात उरकली. लग्नं, बारशी, बोनस, गावचं घर शाकारलं, बाळ्याला गोवर आला. मग १९८२ उघडलं.

"१८ जानेवारी, सोमवार. आजपासून संप. भोंगा झाला नाही."

मुलांना हे समजावून सांगावं लागणार, म्हणून मी दोन वाक्यं लिहिली: मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली हा संप केला. तो मिटला असं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. एवढं पुरे. बाकीचं त्यांना शोधलं तर सापडेल.

पुढची पानं भराभर जात होती. गेटवर गेलो. सभा. रेशन. सासूबाईंचं औषध. २ मार्चला, "सदा गावी गेला, बायकामुलांसह. एसटीत बसवून आलो." सदा यांचा शेजारच्या साच्यावरचा मित्र. तेव्हा कितीतरी जण असेच कोकणात, घाटावर परतले होते. एसटी सुटताना सदाची बायको माझ्या गळ्यात पडून रडली होती, ते मला अजून आठवतं.

आणि ९ मार्चला जमेच्या बाजूला: "सदाकडून उसने ९."

मी पुढे वाचत गेले. "सदाकडून उसने ७." "सदाकडून ११.५०." आठवड्यातून चार-पाच वेळा. मी मागे आले, २ मार्च पुन्हा वाचला. सदा गावाला. संपात. पोराबाळांसकट भावाच्या दारात. तो दर दोन दिवसांनी यांना साडेअकरा रुपये कुठून देणार होता, आणि कसे?

पेपर तपासायची खोड जात नाही. लाल पेन घेऊन बसले. ऑक्टोबरपर्यंतचे सदाचे सगळे आकडे एका कागदावर उतरवले आणि बेरीज केली. एक हजार बेचाळीस रुपये पन्नास पैसे. खर्चाच्या बाजूला, "सदाला परत", एकदाही नाही. ज्या माणसाने चाळीतल्या सार्वजनिक गणपतीचा हिशेब नऊ वर्षं ठेवला आणि ज्यात कधी चार आण्यांची चूक निघाली नाही, तो एक हजार रुपये बुडवेल?

मग त्याच तारखांच्या वरच्या ओळी वाचल्या. "भायखळा. घाटकोपर." दुसरं काही नाही. "पहाटे भायखळा. मग घाटकोपर." तेव्हा ते अंधारात उठून जायचे आणि मी समजायची, गेटवर चालले, संपफोडे अडवायला. मला वाटायचं, घाटकोपरला युनियनचं काही असेल. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सकाळी सातची शाळा, सासूबाईंची आंघोळ, बाळ्याचा डबा. दोघांचं बोलणं, "येतो" आणि "या" यांत भागत होतं.

भायखळ्याला तेव्हा पहाटे काय असायचं ते मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. भाजीचा घाऊक बाजार.

२५ एप्रिलला रविवार होता. "बाळ्या रडला. डोळे धुतले. बरा आहे." तो दिवस मला पक्का आठवतो, कारण मी वार्षिक परीक्षेचे पेपर घेऊन सहशिक्षिकेकडे तपासायला गेले होते आणि परत आले तर पोराचे डोळे लाल भोपळ्यासारखे. "मातीत खेळला," हे म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले, एका दिवसापुरतं मूल सांभाळता येत नाही का म्हणून. त्यांच्या बोटांना मिरचीचा वास येत होता. मला वाटलं, स्वयंपाक केला असेल.

वजन हातात घेतलं. दोनशे ग्रॅम. एका बाजूला गंज, बाकी हाताळून गुळगुळीत. दोनशे ग्रॅम मिरची, वर कोथिंबिरीच्या चार काड्या. मी स्वतः आयुष्यभर तशीच घेत आले.

आता का सांगितलं नाही, याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. फेब्रुवारीत आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या नवऱ्याने परळला वडापावची गाडी लावली होती. तोही गिरणीतलाच. जेवताना मी म्हणाले होते, "काय वेळ आली बिचारीवर. पोरांचे आईबाप वडे घेताना बघतात, दुसऱ्या दिवशी वर्गात कसं तोंड दाखवत असेल?" मी दयेने बोलले होते असं मला इतकी वर्षं वाटत आलं. डायरीत ते वाक्य नाही. त्या दिवशी फक्त: "तेल संपले."

म्हणून लालबाग नाही, परळ नाही, दादरसुद्धा नाही. घाटकोपर. जिथे माझ्या शाळेतलं कुणी मिरच्या घ्यायला येणार नाही.

इथवर मी शिक्षिकेसारखी वाचत होते. १७ जूनचं पान आलं तेव्हा चष्मा काढून ठेवला.

शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. वह्या, गणवेश, सासूबाईंचं औषध, सगळं माझ्या एका पगारात. रात्री यांनी आमटी आणखी मागितली आणि मी पातेलं आपटलं. मी म्हणाले, "एक पगार असला की वाट्या मोजाव्या लागतात." सासूबाई समोर होत्या. बाळ्या होता. हे काही बोलले नाहीत. ताटातला भात तसाच ठेवून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाऊस आत येत होता तरी तिथेच उभे. त्या ताटातला भात मी सकाळी फोडणी देऊन खाल्ला. चाळीस वर्षांत आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

डायरीत लिहिलंय:

"१७ जून. जोराचा पाऊस. आमटी उत्तम झाली होती. पोटभर जेवलो."

एक्केचाळीस वर्षांच्या डायऱ्यांत जेवणाबद्दल दुसरी ओळ मला सापडली नाही. हा माणूस लग्नाच्या पंगतीतून येऊन "२१ आहेर" एवढंच लिहायचा. आणि त्या रात्री, उपाशी पोटी, कंदिलाजवळ बसून (दिवे गेले होते) आमटीचं कौतुक. कुणासाठी? पुढेमागे कुणी वाचलंच तर त्यात माझं नाव वाईट निघू नये, एवढ्यासाठी? की सासूबाईंनी मोठ्याने वाचून घेतलं असतं तर म्हणून? मला ठरवता आलं नाही.

त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली वर्षं उरकली. ऑक्टोबरात सोसायटीत रखवालदाराची नोकरी. गिरणीने परत घेतलं नाही, त्याबद्दल एक ओळ. २५ जून १९८३, "भारत विश्वकप जिंकला. फटाके." निहारला हे आवडेल. खूप पुढे, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये बाळ्या त्यांना घेऊन गेला तो दिवस: "सरकत्या जिन्यावर चढलो. पाय घसरला नाही."

मग १९८२ लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला नियमाने लिहिलं: "संपाच्या काळात आजोबांनी मित्राकडून उसने पैसे घेऊन घराला हातभार लावला." मुळाशी प्रामाणिक. पैकीच्या पैकी गुण. कागद फाडला.

दुसऱ्यांदा लिहिलं:

"१९८२ साली आजोबा घाटकोपरला मिरच्या विकत होते. हे त्यांनी लिहिलेलं नाही, मी लिहिते आहे. त्यांनी लिहिलेले सदाचे एक हजार बेचाळीस रुपये पन्नास पैसे हे त्यांचेच होते. मला लाज वाटेल म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना तसं वाटायला मी कारण दिलं होतं. १७ जूनला ते पोटभर जेवले असं डायरीत आहे. ते जेवले नव्हते. मी त्यांना बोलले होते."

दोन पानांची साडेतीन झाली. इराला पाठवायच्या आधी बाळ्याला फोन केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पण मला तो बाळ्याच. १९८२ चा भाग वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, रेंज गेली.

"आई," तो म्हणाला, "मिरच्यांचं मला माहीत होतं."

"कसं?"

"तू पेपर तपासायला गेली होतीस त्या रविवारी बाबा मला घेऊन गेले होते. स्टेशनबाहेर, पुलाखाली. मी गोणपाटावर झोपलो आणि उठल्यावर डोळे चोळले."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"आईला सांगू नको म्हणाले होते. एक केळं दिलं होतं."

मी लाल पेन उचललं आणि "हे त्यांनी लिहिलेलं नाही" याच्या शेजारी, समासात, बाळ्याचं नाव लिहिलं. मग विचारलं, "आमटीचं आठवतं का रे तुला?"

"नाही," तो म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.