मंजिरीला पत्र: लपवलेलं कर्ज आणि ते फेडण्याचा हिशोब

कोथरूड, पुणे
१८ जानेवारी २०२६

प्रिय मंजिरी,

माझ्या नावावर तुला माहीत नसलेली तीन कर्जं आहेत. आजच्या तारखेला तिन्ही मिळून ४,३१,६०० रुपये. घराचं कर्ज यात धरलेलं नाही. समोरासमोर बोलायला बसलो असतो तर आकडे अर्धवट राहिले असते आणि मी काहीतरी सारवासारव केली असती, म्हणून लिहून देतो आहे. प्रत्येक आकड्याचा कागद कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये लावला आहे. पत्र आणि कागद शेजारी ठेवून वाच.

पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे पर्सनल लोन. मार्च २०२४ मध्ये ५ लाख घेतले, १६ टक्के व्याज, ४८ हप्ते, हप्ता १४,१७०. हातात आले ४,७८,८००, कारण प्रोसेसिंग फी जीएसटीसकट ११,८०० आणि विम्याचे ९,४०० आधीच कापले गेले. त्यातले साडेचार लाख नितीनच्या नऱ्ह्यातल्या पावडर कोटिंगच्या वर्कशॉपमध्ये भागीदारी म्हणून घातले: शेडचं डिपॉझिट, ओव्हन आणि पहिला कच्चा माल. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट तीन-तीन महिने अडकायला लागलं, विजेचं बिल आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावेच लागत होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शेड सोडावी लागली. ओव्हन विकून माझ्या वाट्याला ६०,००० आले, ते तेव्हाच्या कार्डाच्या थकबाकीत गेले. नितीनकडून आता काही येणार नाही. पुढच्या हिशोबात त्याचा एक रुपयाही धरलेला नाही, तूही धरू नकोस. आजवर २२ हप्ते भरले, २६ उरले, मुद्दल ३,०९,६०० बाकी आहे.

दुसरं, क्रेडिट कार्डाचे ८४,०००. आकडा लहान दिसतो, पण सगळ्यात महाग हेच आहे. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. मी दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ४,२०० भरतो. त्यातले २,९४० व्याजाचे, ५२९ त्यावरच्या जीएसटीचे, आणि मुद्दलात जातात फक्त ७३१. शिवाय बाकी राहिलेल्या कार्डावर नवी खरेदी केली की त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा कार्डावर घेत होतो तेव्हा नेमकं हेच होत होतं. डिसेंबरपासून कार्ड वापरलेलं नाही.

तिसरं, कंपनीतल्या कामगार पतसंस्थेचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ५०,००० घेतले, ११ टक्के, १२ हप्ते, ४,४१९ पगारातूनच कापले जातात. आर्याची फी आणि कार्डाचं फुगलेलं बिल त्यातून भागवलं. ३८,००० बाकी आहेत, शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२६ मध्ये.

आता जे खोटं बोललो ते. माझा पगार ओव्हरटाइम धरून ७१,००० आहे. पतसंस्थेची कपात जाऊन खात्यावर ६६,५८१ येतात. त्यातून १४,१७० आणि ४,२०० वजा करून उरलेले साधारण ४८,२०० हाच माझा पगार, असं तुला सांगत आलो. नोव्हेंबरपासून ओव्हरटाइम बंद झाला म्हणालो, तेही खरं नव्हतं. ओव्हरटाइम चालू आहे, कपात वाढली होती. तू त्या महिन्यात आर्याचा पोहण्याचा क्लास बंद केलास आणि मी गप्प बसलो. याची मला फार लाज वाटते.

तुझ्यावर याचा काय परिणाम होतो ते नीट सांगतो, कारण तुझ्या मनात आधी हेच येईल. या तिन्ही कर्जांत तू सहकर्जदार नाहीस आणि जामीनदारही नाहीस. ती फेडायची कायदेशीर जबाबदारी तुझ्यावर नाही आणि तुझ्या सिबिलवर ती दिसत नाहीत. घराच्या कर्जावर मात्र आपण दोघं आहोत. तो हप्ता एकदा जरी चुकला तरी दोघांचा स्कोअर खाली येतो. तो आजवर एकदाही चुकलेला नाही, स्टेटमेंट फाइलमध्ये आहे. पर्सनल लोनचा एक हप्ता सप्टेंबर २०२५ मध्ये बाऊन्स झाला, आठवड्याभरात दंडासकट भरला. माझ्या सिबिल रिपोर्टची प्रिंट लावली आहे, ती बघ, म्हणजे बँकांचं आणखी कुठलं कर्ज नाही याची तुझी तुला खात्री होईल. माझ्या शब्दावर विसंबायला मी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. लोनच्या अर्जावर संदर्भ म्हणून तुझा मोबाइल नंबर दिला आहे. कधी फोन आलाच तर ‘मी जामीनदार नाही, कर्जदाराशी बोला’ एवढंच सांगून ठेवून दे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत.

फेडायचं कसं, ते आता लिहितो. आधी कार्ड. त्यासाठी मी बुलेट विकतो आहे. डीलर ७८,००० म्हणतो, थेट गिऱ्हाईक मिळालं तर थोडे जास्त येतील. मी ८०,००० धरले आहेत, वरचे ४,००० फेब्रुवारीच्या पगारातून घालीन. पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय गाडी देणार नाही, आणि फॉर्म २९ व ३० वर लागणाऱ्या सह्या घेऊन नाव बदलण्याचा अर्ज आरटीओत माझ्यासमोर दाखल होईल. नाहीतर पुढची सगळी चलनं माझ्या नावावर येत राहतील. कामावर मेट्रोने जाईन: वनाझहून सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून पीसीएमसी.

कार्डाचे पैसे भरले की लगेच ते बंद करता येत नाही. बिलाच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते भरायचं, बाकी शून्य दाखवणारं बिल घ्यायचं, मग बंद करण्याचा अर्ज द्यायचा आणि बंद झाल्याचं पत्र घ्यायचं. हे मार्चअखेर होईल. ते पत्रही फाइलमध्ये लागेल.

मार्चपासून कार्डाचे ४,२०० सुटतात. ते घरखर्चात न मिसळता दोघांच्या नावावर आठ महिन्यांची आरडी काढू, ऑक्टोबरपर्यंत ३३,६०० होतील. दिवाळीचा बोनस मागच्या वर्षी ३०,००० होता, तेवढाच धरला आहे. नोव्हेंबर २०२६ चा हप्ता गेल्यावर पर्सनल लोनची बाकी २,०२,९५० च्या आसपास असेल. करारात एका वेळी बाकीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच जादा भरता येतात, त्यावर ४ टक्के शुल्क आणि जीएसटी. म्हणून ५०,००० भरू, शुल्क २,३६०. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्यायचं. ते लिहून दिलं नाही तर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाऊ शकते आणि मग व्याज कमी वाचतं. मग मार्च २०२८ ऐवजी नोव्हेंबर २०२७ मध्ये कर्ज संपेल, शेवटचा हप्ता १०,४०० च्या आसपास. शुल्क जाऊन ८,१०० वाचतात.

ऑक्टोबरनंतर पतसंस्थेचेही ४,४१९ सुटतील. तेव्हा उरलेलं पर्सनल लोन एकरकमी मिटवून टाकावं असं मलाही वाटलं होतं. पण एप्रिल २०२७ मध्ये ते मिटवलं तर शुल्क ४,२८० आणि वाचणारं व्याज ४,७५०, म्हणजे हातात काहीच पडत नाही. त्यानंतर तर शुल्कच जास्त होतं. म्हणून नोव्हेंबर २०२६ पासून महिन्याला ८,६१९ अडीअडचणीसाठी बाजूला टाकू.

घराच्या कर्जावर टॉप-अप घेऊन पर्सनल लोन आताच फेडण्याचाही हिशोब केला. साडेनऊ टक्क्यांनी मिळालं आणि आताच्या लोनचं शुल्क त्यात धरलं, तर पूर्ण मुदतीत जेमतेम ८,४०० वाचतात, प्रोसेसिंग फी वेगळी. तेवढ्यासाठी माझं एकट्याचं कर्ज आपल्या दोघांच्या घरावर चढेल. मला ते नको. तुझे दागिने, तुझा पगार आणि दोघांच्या नावावरची एक लाखाची एफडी, यातलं काहीही यासाठी वापरायचं नाही. तू आपणहून दिलंस तरी मी घेणार नाही.

यात बिघडू शकतं ते असं. गाडी फेब्रुवारीत विकली गेली नाही तर कार्डाचं ओझं दर महिन्याला व्याज आणि जीएसटी मिळून साधारण ३,५०० खात राहील. तेव्हा महिनाअखेरीपर्यंत चांगलं गिऱ्हाईक नसेल तर डीलरच्या ७८,००० ला देऊन टाकायची, भाव पाहत बसायचं नाही. ओव्हरटाइम खरंच बंद झाला तर आरडी आधी थांबेल. तरी हप्ता चुकणार नाही, कर्ज फक्त मार्च २०२८ पर्यंत चालेल. बोनस कमी आला तर जादा भरणा तितका कमी.

पगार १ तारखेला येतो. २ तारखेला ४८,२०० आपोआप दोघांच्या खात्यावर जातील, घराला आजच्याइतकेच पैसे मिळतील. हप्त्यासाठी १४,१७० आणि वर थोडी रक्कम पगाराच्या खात्यात राहील, कारण ५ तारखेला खात्यात दहा रुपये जरी कमी असले तरी हप्ता बाऊन्स होतो. पगाराची स्लिप आणि लोनचं स्टेटमेंट दर महिन्याच्या ७ तारखेला तुझ्या हातात देईन. नेट बँकिंग तू कधीही माझ्यासमोर उघडून बघ. यापुढे दहा हजारांच्या वरचा कुठलाही व्यवहार, उसना असो की गुंतवणूक, तुला विचारल्याशिवाय करणार नाही.

आर्याचा क्लास फेब्रुवारीपासून पुन्हा सुरू कर. त्याची फी माझ्या वरखर्चातून जाईल, मी ती वेगळी काढली आहे.

आईला सांगायचं की नाही, सांगायचं तर कधी, हे तू ठरव. तुला काही दिवस साताऱ्याला जाऊन राहावंसं वाटलं तर आर्याची शाळा आणि डबा मी सांभाळतो, त्याची काळजी करू नकोस. चिडशील, बोलशील, आणि तो तुझा हक्क आहे. मी उलट बोलणार नाही. माफी मागतो आहे, पण ती लगेच मिळावी अशी अपेक्षा नाही.

पुढच्या रविवारी, २५ तारखेला, आर्या घरी नसताना आपण फाइल घेऊन बसू. दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे, घाई नको. वरची योजना मी एकट्याने केली आहे, त्यामुळे त्यात तुला पटणार नाही ते खोड आणि बदल. आरडी कुठे काढायची, एफडी तशीच ठेवायची का, हे तुझ्या सल्ल्याशिवाय ठरणार नाही. बुलेट बघायला शनिवारी एक जण येतोय. आर्यासाठी ती ठेवायची असं तुझ्या मनात असेल तर त्याआधी सांग, मग कार्डासाठी दुसरा रस्ता शोधू.

तुझा,
प्रसाद