पिवळी कापशी

सांगलीजवळ एक गाव होतं. गावाजवळून कृष्णा नदी वाहत होती. तिथे चिंगीची आज्जी राहायची.

आज्जीकडे एक शेळी होती. शेळीचं एक करडू होतं. पांढरं पांढरं, मऊ मऊ. म्हणून त्याचं नाव कापशी.

कापशी भारी खोडकर. आत्ता इथे, तर आत्ता तिथे! टुण टुण उड्या मारायची.

एक दिवस आज्जीच्या अंगणात हळद आली. शेतातून काढलेली. मोठ्या कढईत शिजवलेली. उन्हात खूप दिवस वाळवलेली. आता ती एका मोठ्या पिंपात घातली. पिंप गोल गोल फिरू लागलं.

घर्रर्र... घर्रर्र... खडखड... घर्रर्र!

आत हळद हळदीवर घासत होती. पिंपाला छोटी छोटी भोकं होती. त्यातून पिवळी भुकटी खाली पडत होती. भुर्र भुर्र!

कापशीला वाटलं, वा! काय मजा!

पिंप थांबलं. सगळे जेवायला गेले. कापशी हळूच आली आणि त्या भुकटीत लोळली. अशी लोळली, तशी लोळली. मग शिंकली. आक्‌छी!

आता कापशी कशी दिसत होती? पिवळी! पाय पिवळे, पोट पिवळं, शेपटीसुद्धा पिवळी.

कोंबडी आली. "कोण गं तू?"

"मी कापशी!"

"हॅट! कापशी तर पांढरी." कोंबडी निघून गेली.

मोती कुत्रा आला. "कोण गं तू?"

"मी कापशी!"

"हॅट! कापशी तर पांढरी." मोतीपण निघून गेला.

मग कापशी आईकडे पळाली. आईने तिला हुंगलं. हळदीचाच वास! आई म्हणाली, "कोण गं तू? जा बघू तुझ्या आईकडे."

कापशीचे डोळे भरून आले. ती रडायला लागली. "म्यॅंऽऽ! म्यॅंऽऽ!"

आईचे कान ताठ झाले. "अगं बाई! हा तर माझ्या कापशीचा आवाज!"

आईने तिला पटकन जवळ घेतलं. मग चाटायला लागली. हळद कडू लागली. आईने तोंड वाकडं केलं. तरी चाटलं. कान चाटले, पाठ चाटली, शेपटी चाटली. चाटता चाटता रात्र झाली. कापशी भरपूर दूध प्यायली. दोघी गोठ्यात झोपल्या.

सकाळी चिंगी गोठ्यात गेली आणि हसत सुटली.

"आज्जी, आज्जी, लवकर ये!"

"काय गं?"

"कापशी झाली पांढरी. आणि तिच्या आईची दाढी झाली पिवळी!"